डेटा स्ट्रक्चर्सचा एकपानी रिव्हिजन तक्ता: बेस्ट, अ‍ॅव्हरेज, वर्स्ट आणि त्याच्या शेजारी ‘अट’

परीक्षेच्या किंवा इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री सगळेच हा तक्ता पाठ करतात, मीही केलेला. अ‍ॅरेचं असं, हॅशचं तसं, ट्रीचं log n. मग व्हायवाला सर विचारतात, बरं, हॅश टेबलचा वर्स्ट केस O(n) लिहिलाय, तो येतो कधी? इथे पोरं गप्प होतात, कारण पाठ केलेल्या तक्त्यात नुसतं उत्तर असतं, ते उत्तर कुठल्या परिस्थितीचं आहे हे कुठेच नसतं. मी आता ज्युनिअर्सना शिकवतो तेव्हा तयार तक्ता देतच नाही, त्यांच्याकडून एक आडवं पान आखून घेतो आणि त्यात एक कॉलम जास्तीचा ठेवायला लावतो, ‘बिघडतं कधी’ असा. तो कॉलम भरता आला की बाकीचे आकडे बहुतेक आपोआप भरले जातात. तेच इथे पायरी पायरीने सांगतोय, आणि ज्या तीन-चार रांगांमध्ये खरा घोळ होतो तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

पायरी 1: पान आखून घ्या

ए4 कागद आडवा धरा. पाच कॉलम: रचना, सर्च, इन्सर्ट, डिलीट, आणि शेवटी सगळ्यात रुंद ‘बिघडतं कधी’. रांगा आठच ठेवा, जास्त घातल्या की एका पानात बसत नाही आणि रिव्हिजनला डोळा फिरत नाही. बेस्ट, अ‍ॅव्हरेज, वर्स्टसाठी वेगवेगळे नऊ कॉलम करू नका, एकाच चौकोनात तिरक्या रेघा मारून तीन गोष्टी लिहा, म्हणजे `1 / log n / n` असं, आधी बेस्ट, मग अ‍ॅव्हरेज, मग वर्स्ट. O आणि कंस प्रत्येक वेळी लिहायची गरज नाही, वर एकदा लिहून ठेवा की सगळे आकडे O() मधले आहेत.

पायरी 2: आकडे लिहायच्या आधी तीन शब्द नीट करून घ्या

पहिली चूक इथेच होते. बेस्ट केस म्हणजे काय विचारलं की बरेच जण सांगतात, “n लहान असेल तेव्हा”. नाही. n कितीही असू दे, दहा लाख असू दे, तो तसाच धरून ठेवायचा आणि मग बघायचं की त्या आकाराच्या इनपुटपैकी सगळ्यात सोयीचं इनपुट आलं तर किती काम पडतं. दहा लाखांच्या अ‍ॅरेत आपण शोधतोय तो आकडा पहिल्याच जागी सापडला, हा बेस्ट केस. n = 1 हा बेस्ट केस नाही, ते फक्त छोटं उदाहरण आहे.

दुसरी चूक, “बिग ओ म्हणजे वर्स्ट केस”. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेस्ट, अ‍ॅव्हरेज, वर्स्ट हे सांगतं की आपण कुठल्या इनपुटबद्दल बोलतोय. O हे सांगतं की त्या इनपुटवरचा खर्च n वाढत गेला की याहून वेगाने वाढणार नाही, म्हणजे ती वरची मर्यादा झाली. बेस्ट केसचाही बिग ओ असतो, वर्स्टचाही असतो.

आणि अ‍ॅव्हरेज. हा शब्द तक्त्यात सगळ्यात फसवा आहे, कारण अ‍ॅव्हरेज म्हटलं की पुढचा प्रश्न यायलाच हवा की कशावरचं अ‍ॅव्हरेज. हॅश टेबलचं अ‍ॅव्हरेज आणि बायनरी सर्च ट्रीचं अ‍ॅव्हरेज दोन्ही तक्त्यात एकाच जागी लिहितात पण ती दोन वेगळ्या गोष्टींवरची सरासरी आहे. पुढे त्या त्या रांगेला येईलच, आत्ता फक्त कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: सरासरी कशावरची?

पायरी 3: सोप्या रांगा आधी भरून टाका

साधा अ‍ॅरे, ज्यात काही क्रम नाही. इंडेक्स माहीत असेल तर थेट जाता येतं, तो खर्च नेहमी 1, त्यासाठी वेगळा कॉलम नको, ‘बिघडतं कधी’ मध्ये एका ओळीत लिहा. किंमत देऊन शोधायचं असेल तर एकेक बघत जावं लागतं, `1 / n / n`. मधे कुठेतरी इन्सर्ट केलं तर पुढचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात, डिलीटला पण तेच उलटं. शेवटी जोडायचं असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढच्या पायरीत.

सॉर्टेड अ‍ॅरेत सर्च `1 / log n / log n`, मधलाच आकडा हवा असेल तर पहिल्या फटक्यात सापडतो म्हणून बेस्ट 1. पण इन्सर्ट? इथे पोरं log n लिहून मोकळी होतात, कारण जागा बायनरी सर्चने log n मध्ये सापडते. जागा सापडली हो, पण ती रिकामी कुठे आहे, पुढचे सगळे सरकवायला n लागतातच. म्हणून `log n / n / n`. बेस्ट log n कारण नवीन आकडा सगळ्यात मोठा निघाला तर सरकवायचं काही नसतं, नुसता शोधायचा खर्च. डिलीटचा बेस्ट केस मला स्वतःला आवडतो, वाटतं की मधला आकडा पहिल्या फटक्यात सापडला तर 1 असेल, पण मधला काढला तर पुढचे अर्धे सरकवावे लागतात! आणि शेवटचा काढायचा तर सरकवायचं काही नाही पण तिथपर्यंत पोचायला log n लागतात. म्हणजे दोन्हीकडून स्वस्त असा आकडाच नाही, म्हणून तिथेही `log n / n / n`.

सिंगली लिंक्ड लिस्टला सर्च `1 / n / n`. हेडला इन्सर्ट तिन्ही 1. डिलीटवर मात्र जवळजवळ सगळ्या तयार तक्त्यांत नुसतं O(1) लिहिलेलं असतं आणि ते अर्धवट आहे. O(1) हे तेव्हा, जेव्हा काढायच्या नोडच्या *आधीच्या* नोडचा पॉइंटर हातात आहे, मग नुसती कडी बदलायची. किंमत देऊन “हा आकडा काढ” म्हटलं तर आधी शोधावं लागणार, म्हणजे `1 / n / n`. डबली लिंक्ड लिस्टमध्ये त्या नोडचा पॉइंटर असला तरी पुरतो कारण मागची कडी त्याच्याकडेच असते. तर चौकोनात लिहिताना “किंमत देऊन” की “पॉइंटर देऊन” हे लिहाच, नाहीतर तो चौकोन खोटा आहे.

स्टॅक आणि क्यू, पुश-पॉप तिन्ही 1, लिंक्ड लिस्टवर बांधले असतील तर. अ‍ॅरेवर बांधले असतील तर पुशचा वर्स्ट बदलतो, कारण खाली वाढणारा अ‍ॅरे आहे. पायथॉनमध्ये क्यू म्हणून साधी लिस्ट घेऊन `pop(0)` करणारे खूप दिसतात, तिथे प्रत्येक वेळी उरलेले सगळे सरकतात, तो n आहे, त्यासाठी `collections.deque` वापरायचं. या रांगेत एवढंच.

पायरी 4: वाढणाऱ्या अ‍ॅरेची तारांकित रांग

पायथॉनची लिस्ट, जावाचा `ArrayList`, सी++ चा `vector`, हे सगळे आतून ठराविक क्षमतेचा अ‍ॅरे ठेवतात. जागा संपली की मोठा अ‍ॅरे घेतात, जुने सगळे त्यात कॉपी करतात, मग नवीन जोडतात. म्हणजे एखाद्या अपेंडला एकदम n काम पडतं. मग O(1) का म्हणतात?

कागदावर करून बघा. क्षमता 1 पासून सुरू, भरली की दुप्पट. 1000 आकडे जोडायचे. क्षमता 1 ची 2 होताना 1 कॉपी, 2 ची 4 होताना 2 कॉपी, असं करत 512 ची 1024 होताना 512 कॉपी. बेरीज 1 + 2 + 4 + … + 512 = 1023. शिवाय 1000 आकडे प्रत्यक्ष लिहिले ते 1000. एकूण 2023, म्हणजे एका अपेंडला साधारण दोन काम. पण यातलं 513 वं अपेंड एकट्याने 512 कॉपी खाऊन गेलं, ते वर्स्ट.

आता तेच दुप्पट न करता दर वेळी 10 घरं वाढवली तर? 10 भरल्यावर 10 कॉपी, मग 20, मग 30, असं 990 पर्यंत. बेरीज 49,500. हजार आकड्यांसाठी जवळपास पन्नास हजार कॉपी, आणि n दुप्पट केला की हे चौपट होतं. म्हणजे O(1) अपेंड हे अ‍ॅरेमुळे मिळत नाही, पटीत वाढवल्यामुळे मिळतं. पट दोनचीच हवी असंही नाही, `ArrayList` दीडपट वाढतो, तरी चालतं.

या हिशोबाला अमॉर्टाइझ्ड म्हणतात आणि हे अ‍ॅव्हरेज केस *नाही*. इथे नशिबाचा किंवा इनपुट कसं आलं याचा काही संबंध नाही, आकडे कुठलेही असोत, एकूण खर्च एवढाच येणार, ही हमी आहे, फक्त ती एका अपेंडची नाही तर सगळ्या अपेंडच्या मिळून बेरजेची. म्हणून चौकोनात `1 / 1* / n` लिहा आणि * म्हणजे अमॉर्टाइझ्ड असं खाली लिहा. आणि अट: एका अपेंडला उशीर होऊन चालणार नसेल, म्हणजे प्रत्येक काम ठराविक वेळेत व्हायलाच हवं असेल, तर शेवटचा n बघायचा, मधला 1 नाही.

पायरी 5: हॅश टेबल, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

`1 / 1 / n`. तिन्ही कॉलमला तेच. लिहायला पाच सेकंद लागतात, समजायला जरा जास्त.

आधी मधला 1 कुठून आला ते बघू. की म्हणजे key, ती आली की तिचा हॅश काढतात, त्यावरून बकेट ठरते, त्या बकेटमध्ये जी दोन-चार असतील ती बघतात. n की आहेत आणि m बकेट आहेत तर एका बकेटमध्ये सरासरी n/m असणार, याला लोड फॅक्टर म्हणतात. हा आकडा टेबल स्वतः आटोक्यात ठेवतं. जावाच्या `HashMap` मध्ये सुरुवातीला 16 बकेट आणि मर्यादा 0.75, म्हणजे 12 की पर्यंत ठीक, तेरावी आली की बकेट 32 होतात. त्यामुळे n कितीही वाढला तरी एका बकेटमध्ये सरासरी एकाहून कमीच, म्हणून 1. बकेट वाढवताना सगळ्या की परत वाटाव्या लागतात पण ते दुप्पट होत असल्यामुळे मागच्या पायरीचाच हिशोब लागू होतो.

आता प्रश्न, सरासरी कशावरची? हॅश फंक्शन की सगळीकडे सारख्या पसरवतं या गृहीतावरची. ते गृहीत मोडलं की सगळ्या की एकाच बकेटमध्ये जातात आणि तुमचं हॅश टेबल म्हणजे नुसती लांब लिस्ट उरते. हे कल्पनेतलं नाही, पायथॉनमध्ये स्वतः करून बघता येतं. 64 बिटच्या सीपायथॉनमध्ये पूर्णांकाचा हॅश म्हणजे त्याला 2⁶¹ − 1 ने भागून उरलेली बाकी असते (ऋण आकड्यांची गोष्ट जरा वेगळी, ती सोडा). म्हणजे त्या संख्येच्या पटीतले सगळे आकडे घेतले तर प्रत्येकाचा हॅश 0.

```python
import time
M = 2**61 - 1          # नंतर इथे M = 1 करून बघा
for n in (1000, 2000, 4000):
    t = time.perf_counter()
    d = {}
    for i in range(1, n + 1):
        d[i * M] = i
    print(n, time.perf_counter() - t)
```

चालवल्यावर सेकंद किती आले ते महत्त्वाचं नाही, ते तुमच्या मशीनवर आहे. n दुप्पट केल्यावर वेळ किती पट झाला ते बघा. `M = 1` ला साधारण दुप्पट होतो, म्हणजे एका इन्सर्टचा खर्च तसाच राहिला. `2**61 - 1` ला साधारण चौपट होतो, म्हणजे एका इन्सर्टचा खर्च n बरोबर वाढतोय. हजाराव्या कीला आधीच्या 999 शी तुलना करावी लागते, त्यामुळे नुसत्या तुलनाच 0 + 1 + … + 999 = 4,99,500. वर्स्ट केस O(n) ओळखायचा हाच उपाय, एकदा वेळ मोजून काही कळत नाही, n दुप्पट करून पट बघायची.

कोणी मुद्दाम असं करेल का? करतात. 2003 मध्ये स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी दाखवून दिलं की एकाच बकेटमध्ये जाणाऱ्या की हाताने तयार करून पाठवल्या तर थोड्याशा डेटाने सर्व्हर अडकवता येतो. त्यानंतर भाषांनी बचाव केले. पायथॉन 3.3 पासून स्ट्रिंगचा हॅश दर वेळी प्रोग्रॅम सुरू होताना वेगळ्या गुप्त आकड्याने काढला जातो, त्यामुळे बाहेरच्याला आधीच की तयार करता येत नाहीत. पूर्णांकांना हे लागू नाही, म्हणूनच वरचा प्रयोग अजून चालतो. जावा 8 ने दुसरा रस्ता धरला, एका बकेटमधली साखळी 8 च्या पुढे गेली आणि टेबलमध्ये निदान 64 बकेट असतील तर त्या साखळीचं रेड-ब्लॅक ट्री करतात, मग वर्स्ट n चा log n होतो, अर्थात त्या की एकमेकींशी लहान-मोठ्या म्हणून ताडून बघता येत असतील तर. म्हणून इंटरव्ह्यूत विचारलं तर “पुस्तकातल्या हॅश टेबलचा n, जावाच्या आत्ताच्या `HashMap` मध्ये log n” असं सांगा, दोन्ही बरोबर आहेत, वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

अजून एक अट जी कोणीच लिहीत नाही. हा 1 की च्या लांबीला मोजत नाही. की म्हणून पन्नास हजार अक्षरांची स्ट्रिंग दिली तर तिचा हॅश काढायलाच ती सगळी वाचावी लागते. बहुतेक वेळा की लहान असतात म्हणून आपण ते धरत नाही, पण शेवटच्या कॉलममध्ये दोन शब्द लिहायला हरकत नाही.

पायरी 6: बायनरी सर्च ट्री आणि त्याची सुधारलेली भावंडं

`1 / log n / n`. इथे पुन्हा तोच प्रश्न, सरासरी कशावरची? इथे हॅश फंक्शन नाहीच, इथे सरासरी आहे *आकडे कुठल्या क्रमाने आले* त्याच्यावरची. सगळे क्रम सारखेच शक्य आहेत असं धरलं तर ट्री बऱ्यापैकी पसरट होतं आणि log n मिळतो. पण खऱ्या डेटात क्रम असा विस्कटलेला क्वचितच असतो. वर्गाची यादी रोल नंबरप्रमाणे येते, बँकेच्या एन्ट्री तारखेप्रमाणे येतात, आणि तोच नेमका वर्स्ट केस आहे. हॅशचा वर्स्ट केस यायला कोणीतरी मुद्दाम काही करावं लागतं किंवा हॅश फंक्शन फारच वाईट लागतं, बीएसटीचा वर्स्ट केस साधी सॉर्टेड फाइल वाचली तरी येतो, आणि तक्त्यात मात्र दोन्हीकडे एकच `n` दिसतो. मला वाटतं हा फरक कळला तर अर्धा तक्ता कळला.

हे पण मोजून बघा. 1 ते 1000 रोल नंबर, एकदा क्रमाने, एकदा पत्ते पिसल्यासारखे पिसून. `c` म्हणजे जागा सापडेपर्यंत किती नोडशी तुलना झाली.

```python
import random

def ghal(mul, k):
    if mul is None:
        return [k, None, None], 0
    n, c = mul, 0
    while True:
        c += 1
        b = 1 if k < n[0] else 2
        if n[b] is None:
            n[b] = [k, None, None]
            return mul, c
        n = n[b]

a = list(range(1, 1001))
for yadi in (a, random.sample(a, 1000)):
    mul, ekun = None, 0
    for k in yadi:
        mul, c = ghal(mul, k)
        ekun += c
    print(ekun)
```

पहिली ओळ नेहमी 499500. तोच आकडा, जो हॅशच्या वर्स्टला आला होता, कारण आतून घडतंय तेच, ट्रीची एकच उजवी फांदी होत गेली आणि ती म्हणजे लिंक्ड लिस्ट. दुसरी ओळ दर वेळी थोडी बदलेल पण साधारण 11 हजाराच्या आसपास येईल. म्हणजे एका नंबरमागे 11 तुलना, तिकडे 500. अगदी नीट संतुलित ट्री बांधलं असतं तर 8 च्या आसपास आलं असतं, त्यामुळे पिसलेला क्रम काही वाईट नाही, तीनच तुलना जास्त.

हाच कोड तुम्ही रिकर्शनने लिहिला असेल तर अजून एक लक्षण दिसतं. पायथॉनची रिकर्शनची मर्यादा सहसा 1000 असते, त्यामुळे सॉर्टेड डेटावर कोड हळू होण्याऐवजी थेट `RecursionError` देऊन थांबतो आणि पिसलेल्या डेटावर मस्त चालतो. एकाच कोडवर एका फाइलला चालतं, दुसऱ्या फाइलला पडतं असं झालं की आधी फाइल सॉर्टेड आहे का ते बघा, बग शोधत बसू नका.

एव्हीएल आणि रेड-ब्लॅक ट्री दर इन्सर्ट-डिलीटनंतर गरज पडेल तिथे थोडं फिरवून उंची आटोक्यात ठेवतात. एव्हीएल 1962 चं, आडेलसन-वेल्स्की आणि लांडिस या दोघांच्या नावावरून. सर्च `1 / log n / log n`, कारण रूटच हवा असेल तर लगेच. इन्सर्टला मात्र बेस्टही log n, हे बरेच जण 1 लिहितात. नवीन नोड नेहमी खाली रिकाम्या जागीच लागतो आणि संतुलित ट्रीत रिकामी जागा वर कुठेही नसते, सगळ्या खालीच असतात, मग तिथपर्यंत जावंच लागतं. साध्या बीएसटीत रूटची एक बाजू पूर्ण रिकामी असू शकते म्हणून तिथे बेस्ट 1. हे कारण कळलं की दोन्ही रांगा परत पाठ कराव्या लागत नाहीत.

पायरी 7: हीप

मिन-हीप धरू. सगळ्यात लहान बघणं नेहमी 1. तो काढणं: `1 / log n / log n`, शेवटचा नोड वर आणून खाली बुडवत न्यायचा. बेस्टला 1 कधी, तर सगळे आकडे सारखेच असतील तर तो बुडतच नाही.

इन्सर्टला अ‍ॅव्हरेज log n लिहिलेलं खूप ठिकाणी दिसेल, पण आकडे विस्कटलेल्या क्रमाने येत असतील तर ते 1 आहे. कारण हीपमधले निम्मे नोड अगदी तळाच्या ओळीत असतात आणि ते सहसा मोठे आकडे असतात, नवीन आलेला आकडा सहसा एक-दोन पायऱ्या चढून थांबतो, वरपर्यंत जायला तो फारच लहान लागतो. वर्स्ट log n तेव्हा, जेव्हा प्रत्येक नवीन आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा लहान असतो, म्हणजे उतरत्या क्रमाने आले तर. बीएसटीला चढता-उतरता दोन्ही क्रम मारतात, मिन-हीपला फक्त उतरता, आणि मारतो तोही फक्त log n पर्यंतच, कारण हीपची उंची कधी बिघडतच नाही.

आणि हीपमध्ये भलताच आकडा शोधायचा तर n. डावीकडे लहान, उजवीकडे मोठा असं काही हीपमध्ये नसतं, त्यामुळे कुठल्या फांदीला जायचं ते कळत नाही. “ट्री आहे म्हणजे log n” या सवयीने इथे चूक होते.

पायरी 8: आता पूर्ण पान

आधी वरचं वाचून स्वतः भरा, मग ताडून बघा.

| रचना | सर्च | इन्सर्ट | डिलीट | बिघडतं कधी |
|---|---|---|---|---|
| वाढणारा अ‍ॅरे | 1 / n / n | शेवटी: 1 / 1* / n | 1 / n / n | क्षमता भरली तो एक अपेंड, मधे घातलं-काढलं तर सरकवणं. इंडेक्सने नेहमी 1 |
| सॉर्टेड अ‍ॅरे | 1 / log n / log n | log n / n / n | log n / n / n | जागा लगेच सापडते, सरकवायला n |
| सिंगली लिंक्ड लिस्ट | 1 / n / n | हेडला: 1 / 1 / 1 | किंमत देऊन: 1 / n / n | आधीच्या नोडचा पॉइंटर हातात नसेल तर |
| स्टॅक, क्यू | – | 1 / 1 / 1 | 1 / 1 / 1 | अ‍ॅरेवर बांधले तर इन्सर्ट 1 / 1* / n |
| हॅश टेबल | 1 / 1 / n | 1 / 1 / n | 1 / 1 / n | सगळ्या की एका बकेटमध्ये. सरासरी: हॅश सारखा पसरतो या गृहीतावर |
| साधं बीएसटी | 1 / log n / n | 1 / log n / n | 1 / log n / n | सॉर्टेड क्रमाने आलं तर. सरासरी: येण्याच्या क्रमावर |
| एव्हीएल, रेड-ब्लॅक | 1 / log n / log n | log n / log n / log n | log n / log n / log n | बिघडत नाही, तोल तपासण्याचा खर्च मात्र प्रत्येक बदलाला |
| मिन-हीप | 1 / n / n | 1 / 1 / log n | लहानात लहान: 1 / log n / log n | इन्सर्टला उतरता क्रम, भलता आकडा शोधला तर n |

(* अमॉर्टाइझ्ड. सगळे आकडे O() मधले.)

पायरी 9: रिव्हिजन उलटीकडून करा

दुसऱ्या दिवशी पान परत वाचत बसू नका. शेवटचा कॉलम उघडा ठेवा, बाकीचे चार वहीने झाका, आणि नुसतं “सॉर्टेड क्रमाने आलं तर” एवढं वाचून कुठली रचना, कुठला आकडा ते सांगा. मग उलट, आकडे उघडे ठेवून अट सांगा. माझ्या ज्युनिअर्सचे दर वेळी अडकणारे चौकोन जवळपास तेच असतात: सॉर्टेड अ‍ॅरेचं इन्सर्ट, लिंक्ड लिस्टचं डिलीट, एव्हीएलच्या इन्सर्टचा बेस्ट, आणि हीपचं सर्च. या चारांना पेन्सिलीने गोल करून ठेवा. अडकलात तर तक्त्याकडे बघायच्या आधी पाच-सात आकड्यांचं चित्र कागदावर काढा, एव्हीएलमध्ये रिकाम्या जागा कुठे आहेत हे चित्रात लगेच दिसतं. आणि जो चौकोन चित्र काढूनही पटत नाही त्याच्यासाठी वरच्यासारखा दहा ओळींचा कोड लिहून n ला 1000, 2000, 4000 द्या आणि तुलना मोजा. एकूण काम दुप्पट झालं तर एका कामाचा खर्च 1, चौपट झालं तर n, आणि दुप्पटीच्या किंचित वर राहिलं तर log n.